सेप्टिक टँक, मैलागाळ आणि सार्वजनिक शौचालये: लहान शहरांच्या नगरपरिषदांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातील बहुतेक लहान नगरपरिषदा आणि नगरपंचायतींच्या हद्दीत भुयारी गटार नाही, आणि जिथे आहे तिथेही सगळी घरे तिला जोडलेली नाहीत. अशा शहरांतील मैल्याची व्यवस्था घराघरांच्या सेप्टिक टँकवर आणि त्या उपसणाऱ्या गाडीवर अवलंबून असते. वॉर्डसभांमध्ये आणि नगरपरिषदेच्या बैठकांमध्ये या विषयावर जे प्रश्न पुन्हा पुन्हा कानांवर आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

भुयारी गटार नसेल, तर शौचालयातील मैला नेमका जातो कुठे?

शौचालयातून निघालेला मैला आणि पाणी प्रथम सेप्टिक टँकमध्ये येते. तेथे जड भाग तळाशी बसतो, तेल आणि हलका भाग साय धरल्यासारखा वर तरंगतो, आणि मधले तुलनेने निवळ पाणी पलीकडच्या नळीतून बाहेर पडते. हे पाणी शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरावे, अशी मूळ रचना आहे. तळाशी साठलेला गाळ हवेशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंमुळे हळूहळू कुजतो आणि आकाराने कमी होतो, पण तो पूर्णपणे नाहीसा कधीच होत नाही. जो उरतो तो मैलागाळ, आणि काही वर्षांनी तो उपसावाच लागतो.

प्रत्यक्षात अनेक घरांना शोषखड्डाच नसतो आणि टाकीची बाहेरची नळी सरळ रस्त्याकडेच्या उघड्या गटारात सोडलेली असते. गटार नाल्याला मिळते आणि नाला नदीला. टाकी वेळेवर उपसलेली असेल, तर त्या नळीतून निदान निवळलेले पाणी येते. टाकी गाळाने भरलेली असेल, तर आत आलेला मैला न थांबता जवळजवळ जसाच्या तसा गटारात उतरतो, आणि घरात शौचालय असूनही तो मैला उघड्यावर पडल्यासारखाच असतो.

टाकी माझ्या अंगणात आहे. तिच्याशी नगरपरिषदेचा काय संबंध?

टाकी बांधणे आणि ती धड ठेवणे ही मालकाची जबाबदारी आहे, हे खरे. मात्र त्या टाकीतून बाहेर पडणारी प्रत्येक गोष्ट सार्वजनिक जागेत, सार्वजनिक पाण्यात किंवा दुसऱ्याच्या शेतात जाते. १९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य व स्वच्छता आणि सार्वजनिक सोयीसुविधा हे विषय नागरी स्थानिक संस्थांकडे दिलेले आहेत. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ च्या कलम ४९ मध्ये नगरपरिषदेची कर्तव्ये सांगितली आहेत, आणि गटारे, सांडपाणी व सार्वजनिक शौचालये हे विषय त्या कर्तव्यांतच येतात. २०१७ च्या राष्ट्रीय मैलागाळ व सेप्टेज व्यवस्थापन धोरणाने हे आणखी स्पष्ट केले: उपसा, वाहतूक, प्रक्रिया आणि विल्हेवाट ही सलग साखळी असून ती चालवण्याची जबाबदारी शहराच्या प्रशासनाची आहे. काम खासगी गाडीवाल्याकडून करून घेतले, तरी ही जबाबदारी नगरपरिषदेकडेच राहते.

आमची टाकी वीस वर्षांत एकदाही उपसावी लागली नाही. म्हणजे ती उत्तम चालली आहे ना?

हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकले आहे, आणि तेही इतक्या अभिमानाने, की त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देतो. वापरात असलेली टाकी वीस वर्षांत उपसावी लागली नाही, याची कारणे साधारणपणे दोनच असतात. पहिले कारण म्हणजे टाकीला पक्का तळच नाही. खर्च वाचवण्यासाठी किंवा 'पाणी मुरत राहील' म्हणून गवंड्याने तळाला काँक्रीट न करता मुरूम तसाच ठेवलेला असतो. अशी टाकी म्हणजे खरे तर मोठा शोषखड्डाच, आणि तिच्यातील मैल्याचे पाणी थेट जमिनीत उतरते. जवळ विहीर किंवा कूपनलिका असेल, तर ते पाणी कधी ना कधी तिथे पोहोचते. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा, असे भारतीय मानक सांगते. जुन्या गावठाणात दोन घरांमध्येही तेवढे अंतर सापडत नाही.

दुसरे कारण म्हणजे टाकी कधीच भरून गेलेली आहे आणि मैला बाहेरच्या नळीतून वाहतो आहे. घरात पाणी तुंबत नसल्यामुळे घरच्यांना काहीच जाणवत नाही. अशा घरासमोरच्या गटारात नळीच्या तोंडाशी काळा, तुपकट गाळ साचलेला दिसतो आणि सकाळी सात ते नऊ या वेळेत तिथे वास वाढतो. टाकी चांगली आहे की नाही, याचा निर्णय घरात तुंबते की नाही यावरून न करता बाहेर काय पडते यावरून करावा.

याच्याशी जोडून विचारले जाते, की बाजारात मिळणारी पावडर टाकली तर उपसा टळतो का. टळत नाही. कुजण्याची क्रिया टाकीतील नेहमीचे जिवाणू करतातच. वाळू, राख, केस आणि न कुजणारा भाग कोणत्याही पावडरीने विरघळत नाही.

टाकी उपसण्याची वेळ झाली, हे कसे ओळखायचे?

सर्वांत साधी रीत बांबूची आहे. सरळ बांबूच्या खालच्या दीड मीटरला पांढरे कापड घट्ट गुंडाळावे, झाकणातून तो तळापर्यंत हळूच उभा सोडावा, काही मिनिटे थांबावे आणि तसाच वर काढावा. गाळाचा भाग कापडावर गडद काळा उमटतो आणि त्यावरील पाण्याचा डाग फिका राहतो. गाळाची उंची आतल्या द्रवाच्या एकूण खोलीच्या एक तृतीयांशापलीकडे गेली असेल, तर उपसा करावा. झाकण उघडल्यावर आधी काही वेळ हवा जाऊ द्यावी, तोंड झाकणावर नेऊ नये, आणि काडी किंवा विडी पेटवू नये, कारण आत साठणाऱ्या वायूंपैकी मिथेन पेट घेतो.

केंद्रीय नियमपुस्तिकेनुसार दोन ते तीन वर्षांतून एकदा उपसा अपेक्षित आहे. तीन वर्षांहून जास्त काळ गेला, की तळाचा गाळ दाबला जाऊन घट्ट होतो. मग गाडीचा पाइप वरचे पाणी ओढून घेतो आणि तळाचा घट्ट थर तसाच राहतो. घरमालक पूर्ण पैसे देतो, पण टाकीची जागा अर्धीच मोकळी होते. दहा-बारा वर्षांनी उघडलेल्या टाकीत आधी पाण्याचा जोरदार फवारा मारून गाळ सैल करावा लागतो, आणि ज्या गाडीवर ती सोय नाही, ती गाडी हे काम करू शकत नाही.

'वेळापत्रकानुसार उपसा' म्हणजे काय? तक्रार आल्यावर गाडी पाठवणे पुरेसे का नाही?

तक्रारीवर गाडी पाठवण्याच्या पद्धतीत टाकी तुंबल्यावरच मालक फोन करतो. वर सांगितल्याप्रमाणे बहुतेक टाक्या तुंबत नाहीत, बाहेर वाहतात; त्यामुळे फोन फार थोडे येतात. वेळापत्रकानुसार उपशात नगरपरिषद शहराचे भाग पाडते आणि प्रत्येक घराची टाकी तीन वर्षांच्या चक्रात एकदा, मालकाने बोलावण्याची वाट न पाहता, स्वतः उपसून देते.

महाराष्ट्रात याचे जवळचे उदाहरण सातारा जिल्ह्यातील वाई आहे. कृष्णेच्या काठचे हे शहर २०११ च्या जनगणनेत सुमारे ३६,००० लोकसंख्येचे होते आणि तेथील घरे सेप्टिक टँकवर अवलंबून होती. वाई नगरपरिषदेने २०१८ मध्ये तीन वर्षांच्या चक्राने सर्व मालमत्तांच्या टाक्या उपसण्याची सेवा सुरू केली. नाशिक जिल्ह्यातील सिन्नर नगरपरिषदेनेही याच धर्तीवर काम उभे केले. दोन्ही ठिकाणी अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचे तांत्रिक साहाय्य होते, गाड्या चालवण्याचे काम निविदा काढून खासगी कंत्राटदाराला दिले गेले, आणि त्याचे पैसे केलेल्या कामाशी बांधलेले होते. या शेवटच्या मुद्द्यावरच सगळी पद्धत टिकते किंवा कोसळते. कंत्राटदाराला महिन्याला ठरावीक रक्कम मिळाली, तर गाडी उभी ठेवण्यात त्याचा फायदा असतो. प्रक्रिया केंद्रावर रिकाम्या केलेल्या प्रत्येक खेपेमागे पैसे मिळाले, तर गाळ वाटेत नाल्यात सोडण्यात त्याचा तोटा होतो.

चाळीस हजार वस्तीच्या शहराला किती गाड्या आणि किती क्षमतेचे केंद्र लागेल?

कल्पित शहर घेऊन हिशोब करून पाहू. चाळीस हजार लोकसंख्येत सुमारे नऊ हजार कुटुंबे असतात. काही इमारतींत टाकी सामायिक असते, म्हणून टाक्यांची संख्या ६,००० धरू. तीन वर्षांचे चक्र म्हणजे वर्षाला २,००० टाक्या. सुट्ट्या, मुसळधार पावसाचे दिवस आणि गाडीच्या दुरुस्तीचे दिवस वगळले, तर कामाचे २५० दिवस हाती राहतात, म्हणजे दिवसाला आठ टाक्या. एका टाकीतून सरासरी ४,००० लिटर निघतात असे धरल्यास रोज ३२,००० लिटर मैलागाळ केंद्रावर येईल.

५,००० लिटरच्या गाडीला पाइप लावणे, उपसणे, केंद्रावर जाणे, रिकामी होणे आणि परतणे यासाठी दीड ते दोन तास लागतात. केंद्र सहा-सात किलोमीटरच्या आत असेल, तर दिवसात चार खेपा होतात, म्हणून दोन गाड्या पुरतात. केंद्र वीस किलोमीटरवर नेले, तर खेपा दोनवर येतात आणि गाड्या दुप्पट लागतात. जागा निवडताना केवळ 'वस्तीपासून लांब' एवढाच निकष लावला, की पुढची अनेक वर्षे डिझेलच्या रूपाने त्याची किंमत मोजावी लागते. याशिवाय गावठाणातील बोळांत मोठी गाडी शिरत नाही. तिथे लहान गाडी किंवा किमान ५०-६० मीटर लांबीचा पाइप आणि तेवढ्या अंतरावरून ओढू शकणारा पंप हवा.

आता याच शहरात फक्त तक्रारीवर वर्षाला ४०० टाक्या उपसल्या गेल्या असे समजा. मग रोज सरासरी ६,४०० लिटरच गाळ येईल आणि ३२,००० लिटरसाठी बांधलेले केंद्र पाचव्या हिश्श्यावर चालेल. ज्या शहरांत केंद्राचे उद्घाटन झाले पण आत वाळके वाफे दिसतात, तिथे दोष बहुधा केंद्रात नसतो. गाळ आणण्याची व्यवस्थाच उभी राहिलेली नसते.

याचा खर्च कोणी द्यायचा?

तक्रारीवर उपसा करताना घरमालकाला एकदम मोठी रक्कम द्यावी लागते, आणि म्हणूनच तो उपसा टाळत राहतो. वेळापत्रकात हीच रक्कम तीन वर्षांत विभागली जाते आणि घरपट्टीच्या बिलात स्वच्छता कर म्हणून येते. वरच्याच उदाहरणात उपसा, वाहतूक आणि प्रक्रिया मिळून एका टाकीचा खर्च १,८०० रुपये धरू. वर्षाला २,००० टाक्यांचे ३६ लाख रुपये झाले. ते ६,००० मालमत्तांवर वाटले, तर प्रत्येकी वर्षाला ६०० रुपये, म्हणजे महिन्याला ५० रुपये येतात. हे आकडे हिशोबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. प्रत्येक शहराने आपले दर निविदेवरून काढावेत.

करवसुली ८० टक्के झाली, तर या हिशोबात ७ लाख २० हजारांची तूट येते. ती कुठून भरायची, हे सर्वसाधारण सभेच्या ठरावातच लिहिलेले असावे. नाहीतर पहिल्या तंगीत कंत्राटदाराचे बिल थांबते, त्यानंतर गाडी थांबते, आणि चक्र एकदा तुटले की लोकांचा कर देण्याचा उत्साहही संपतो. झोपडपट्टीतील आणि लहान घरांना मालमत्ता कराच्या प्रमाणात कमी दर लावणे योग्य, कारण त्यांच्या टाक्या उपसल्या गेल्या नाहीत तर नुकसान अख्ख्या वॉर्डाचे होते.

उपशाच्या दिवशी घरी काय घडते?

चार-पाच दिवस आधी वॉर्डात सूचना दिली जाते. ज्या दिवशी गाडी येते, त्या दिवशी बहुतेक वेळ उपसण्यात जात नाही, झाकण शोधण्यात जातो. एका गल्लीत मी पाहिलेला प्रसंग सांगतो. घरातल्या आजींना टाकी न्हाणीघरामागे आहे एवढेच आठवत होते, आणि तिथे मुलाने नुकतीच फरशी बसवली होती. फरशीवर पहारीने ठोकत गेल्यावर एका ठिकाणी आवाज पोकळ आला. मुलाचा जीव वरखाली होत होता, पण दोन फरश्या काढल्यावर झाकण सापडले. त्या टाकीला दोन कप्पे होते आणि झाकण एकाच कप्प्यावर ठेवले होते, म्हणून दुसरा कप्पा त्या दिवशी उपसताच आला नाही. गाडीवाल्याने तसे पावतीवर लिहिले आणि पुढच्या फेरीआधी दुसरे झाकण करून घ्यायला सांगितले. अशी प्रामाणिक नोंद फार उपयोगाची असते.

झाकण उघडल्यावर पाइप तळापर्यंत सोडतात, अधूनमधून हलवतात आणि गाळ ढवळून ओढतात. सगळी टाकी धुऊन कोरडी करू नये. तळाशी थोडा गाळ ठेवला, की जिवाणू पुन्हा लवकर वाढतात. शेवटी मालक, गाडीचालक आणि केंद्रावरील कर्मचारी अशा तिघांच्या सह्यांची पावती पूर्ण होते. घरावरची पावती आणि केंद्रावरची नोंद जुळली, तरच ती खेप मोजली जावी.

पाइपने गाळ निघत नसेल, तर माणसाला आत उतरवले तर चालेल का?

नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो. कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची जाणीवच बधिर होते आणि माणसाला धोका कळत नाही. आत उतरलेला शुद्ध हरपून पडतो आणि त्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. वर्तमानपत्रांत एका टाकीत दोघे-तिघे दगावल्याच्या बातम्या येतात, त्या बहुतेक अशाच घडलेल्या असतात.

हाताने मैला साफ करणाऱ्या व्यक्तींच्या सेवायोजनास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार कोणतीही व्यक्ती, स्थानिक संस्था किंवा एजन्सी अशा धोकादायक सफाईसाठी कोणालाही नेमू शकत नाही. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. हा कायदा घरमालकालाही लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मृत्यू झाल्यास भरपाईची रक्कम सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख ठरवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये ३० लाख केली. उपशाची मागणी किंवा असा प्रकार कळवण्यासाठी १४४२० हा मदत क्रमांक आहे.

शेतकरी गाळ मागतात. थेट शेतात सोडला तर काय बिघडते?

मैलागाळात नत्र आणि स्फुरद असते, म्हणून शेतकऱ्यांची मागणी खोटी नाही. अडचण जंतांच्या अंड्यांची आहे. जंताचे अंडे मातीत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहूनही अधिक काळ जिवंत राहते आणि कोथिंबीर, मेथी, मुळा यांबरोबर घरात येते. पायात चप्पल न घालता त्या वावरात काम करणाऱ्यांना हूकवर्मचा धोका असतो. गाळ उन्हात नीट वाळवून, ओल्या कचऱ्याबरोबर खत करून त्याचे तापमान आतून ५५ अंशांच्या वर काही दिवस राहिले, तर हा धोका खूप कमी होतो. तसे प्रक्रिया केलेले खतही कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना न घालता फळबाग, ऊस किंवा रोपवाटिकेसाठी वापरणे चांगले.

प्रक्रिया केंद्रात नेमके काय केले जाते?

लहान शहरांना परवडणारी साधी पद्धत वाळवण वाफ्यांची आहे. गाडी जाळीवर रिकामी केली जाते. जाळीत कापड, प्लास्टिक आणि सॅनिटरी पॅड अडकतात. गाळ वाळू आणि खडीच्या थरांच्या वाफ्यावर २०-३० सेंटिमीटर उंचीने पसरला जातो. पाणी खाली झिरपते, उरलेले उन्हाने उडते, आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा दिवसांत वर भेगा पडलेली, फावड्याने उचलता येणारी पापडी तयार होते.

रोजच्या ३२,००० लिटरसाठी २५ सेंटिमीटरच्या थराला सुमारे १२८ चौरस मीटर, म्हणजे सव्वा गुंठा वाफा लागतो. वाफा पुन्हा तयार होण्यास पंधरा दिवस धरले, तर फक्त वाफ्यांखाली १९ गुंठे जातात. झिरपलेल्या पाण्याची प्रक्रिया, साठवण आणि गाड्या वळवण्याची जागा धरून एक एकराच्या आसपास जमीन लागते. कोकणात किंवा सह्याद्रीच्या पायथ्याशी वाफ्यांवर पारदर्शक छप्पर नसेल, तर जून ते सप्टेंबर गाळ वाळणारच नाही. हा खर्च आराखड्यात सुरुवातीलाच धरावा.

झिरपलेले पाणी स्वच्छ दिसले, तरी ते थेट नाल्यात सोडता येत नाही. ते कप्प्यांच्या टाकीतून आणि कर्दळीसारख्या वनस्पती लावलेल्या खडीच्या वाफ्यातून नेले जाते, आणि शेवटी त्याची प्रयोगशाळेत तपासणी व्हावी लागते. महानगरांबाहेरच्या मलप्रक्रिया केंद्रांसाठी २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने पाण्यातील कुजणाऱ्या घाणीचे माप असलेल्या जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीची मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आणि मलजन्य जिवाणूंची १०० मिलिलिटरला १,००० पेक्षा कमी ठरवली होती. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कडक निकष सांगितले.

शेजारच्या शहरात मलप्रक्रिया केंद्र आहे. गाड्या तिथेच रिकाम्या केल्या तर?

चालते, आणि नवे केंद्र बांधण्यापेक्षा ते अनेकदा शहाणपणाचे ठरते. पण मोजून करावे लागते. मैलागाळ हा सांडपाण्यापेक्षा कित्येक पटींनी दाट असतो. समजा, केंद्र दिवसाला १० लाख लिटर सांडपाण्याचे आहे आणि त्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम तरंगते घन पदार्थ येतात. म्हणजे रोज ३०० किलो. मैलागाळात लिटरमागे २०,००० मिलिग्रॅम असतील, तर ५,००० लिटरच्या फक्त दोन गाड्या २०० किलो घन पदार्थ आणतात. पाण्याच्या मोजमापात त्या दोन गाड्या एक टक्का आहेत, पण केंद्रावरचा गाळ त्यांनी दोन तृतीयांशाने वाढवला. म्हणून गाड्या आधी साठवण टाकीत रिकाम्या करून, शक्यतो घन भाग वेगळा काढून, उरलेले पाणी दिवसभर थोडे थोडे सोडावे. एकदम ओतल्यास केंद्रात ज्या टाकीत हवा सोडली जाते तिच्यात पांढरा दाट फेस दिसतो आणि बाहेर पडणारे पाणी गढूळ होते. केंद्र चालवणाऱ्याला ही खूण ओळखता आली पाहिजे.

सार्वजनिक शौचालयांचा या सगळ्याशी संबंध काय?

संबंध त्यांच्या टाकीचा आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. बाजारपेठेतील दहा सीटचे शौचालय रोज ६०० वेळा वापरले जाते आणि प्रत्येक वापराला आठ लिटर पाणी लागते असे धरले, तर ४,८०० लिटर टाकीत येतात. टाकी १०,००० लिटरची असेल आणि निम्मी गाळाने भरली असेल, तर पाणी आत जेमतेम एक दिवस थांबते. आठवडे बाजाराच्या दिवशी वापर दुप्पट झाला, की ते जेमतेम अर्धा दिवस थांबते आणि मैला नीट न बसताच बाहेर जातो. घरांच्या तीन वर्षांच्या चक्रात ही टाकी बसत नाही. तिची गाळपातळी दर तीन महिन्यांनी मोजून वर्षातून एकदा, काही ठिकाणी दोनदा, उपसा करावा लागतो.

वस्तीसाठीच्या सामुदायिक शौचालयात स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांनुसार ३५ पुरुषांमागे आणि २५ स्त्रियांमागे एक सीट अपेक्षित आहे. सीट मोजण्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे पाणी किती वाजेपर्यंत असते. छतावरची टाकी पहाटे भरली नाही, तर सकाळी नऊनंतर बादल्या कोरड्या पडतात आणि स्त्रिया दिवसभर जाणे टाळतात. स्त्रियांच्या भागात झाकणाची कचरापेटी नसेल, तर पॅड भांड्यात टाकले जातात, आणि पुढे उपशाच्या पाइपात आणि पंपात तेच अडकतात. वीजबिल कोण भरणार आणि देखभाल करणारा रात्री किती वाजता जातो, या दोन गोष्टी करारात नसलेले शौचालय लवकरच कुलूपबंद झालेले आढळते.

पावसाळ्यात उपसा करू नये, असे म्हणतात ते खरे आहे का?

सखल भागांपुरते खरे आहे. भूजल टाकीच्या तळाच्या वर आले असताना टाकी रिकामी केली, तर बाहेरच्या पाण्याचा दाब भिंतींवर येतो आणि विटांच्या जुन्या टाकीची भिंत आत येऊ शकते. म्हणून नदीकाठचे आणि सखल वॉर्ड मेअखेरपर्यंत उरकून पावसाळ्यात उंचावरचे वॉर्ड घ्यावेत. काळ्या मातीच्या भागात दुसरी अडचण असते. ही माती पावसात फुगून पाणी मुरू देत नाही, त्यामुळे शोषखड्डा उलट भरून येतो. तिथे खड्डा मुरमापर्यंत खोल नेणे शक्य नसेल, तर टाकीचे पाणी छोट्या बंद नळीतून नेऊन वॉर्डपातळीवर त्यावर प्रक्रिया करावी लागते.

आमच्या शहरात काम खरोखर चालू आहे की फक्त कागदावर, हे नागरिकाने कसे तपासावे?

नगरपरिषदेच्या आरोग्य विभागाकडे मागील तीन महिन्यांच्या दोन नोंदवह्या मागाव्यात: घरांवर फाडलेल्या उपशाच्या पावत्या आणि केंद्रावर रिकाम्या झालेल्या खेपा. दोन्हींच्या बेरजा जवळपास जुळायला हव्यात. पावत्या जास्त आणि खेपा कमी असतील, तर गाळ वाटेत कुठेतरी सोडला जातो आहे. पावत्याच कमी असतील, तर वॉर्ड सोडले जात आहेत. खेपांच्या वेळा पाहिल्या तरीही बरेच कळते: दोन नोंदींमध्ये वीस मिनिटांचेच अंतर असेल, तर त्या वेळात गाडी उपसून, नेऊन, रिकामी करून परत आलेली असणे शक्य नाही. मग एखाद्या सकाळी केंद्रावर जाऊन वाफे पाहावेत. वापरातल्या केंद्रावर काही वाफे ओले, काही भेगाळलेले आणि एखादा नुकताच खरवडलेला असा वेगवेगळ्या अवस्थांत दिसतो. सगळे वाफे सारखेच कोरडे असतील आणि वाळूवर गवत उगवले असेल, तर तिथे बऱ्याच आठवड्यांत गाडी आलेली नाही.